हवाही निवते तेव्हा

तापवलेलं दूध किती वेळात कोमट होईल, याचा हिशेब शाळेत शिकवतात तो न्यूटनच्या नियमाने: दूध आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने दूध निवतं. त्यात हवेचं तापमान एकच धरलेलं असतं. हिवाळ्यातल्या संध्याकाळी मात्र हवा काही आपल्यासाठी थांबत नाही.

समजा, लिटरभर दूध ८० अंशांवर उतरवून उघड्या गच्चीत ठेवलं. हवा २८ अंशांवर आहे आणि तासाला ३ अंशांनी उतरते आहे. भांड्याचा निवण्याचा स्थिरांक सोयीसाठी तासाला १ धरू. तासांत मोजलेला वेळ t आणि दुधाचं तापमान T असेल, तर समीकरण होतं:

dT/dt + T = 28 − 3t

अडचण डाव्या बाजूला आहे. तिथे T आणि त्याच्या बदलाचा वेग अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्यामुळे सरळ संकलन करता येत नाही. दोन्ही बाजूंना eᵗ ने गुणलं की डावी बाजू T·eᵗ या एकाच गुणाकाराचं विकलन होऊन बसते. या गुणकालाच संकलक गुणक म्हणतात. तो निवडायचाच अशा बेताने. आता संकलन केलं की मिळतं:

T = 31 − 3t + C·e⁻ᵗ

सुरुवातीला T ८० आहे, म्हणून C = 49.

विरजणासाठी ४० अंश हवेत असं धरलं, तर ते साधारण १ तास २० मिनिटांनी येतात. हवा २८ वरच धरली असती तर ८ मिनिटं जास्त लागली असती. दही लावणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही. पण चार तासांनंतर जुना हिशेब २९ अंश सांगतो आणि नवा २०. हवा तेव्हा १६ वर आलेली असते.

उत्तरातला ३१ कुठून आला? शेवटचं पद विरून गेल्यावरही दूध हवेच्या ३ अंश वर राहतं. हवा तासाला ३ अंश उतरते. त्याच वेगाने उतरायचं, तर दुधाला हवेपेक्षा तेवढं गरम राहावंच लागतं. नेमकं हेच घाईत निसटतं. जुन्या सूत्रात २८ च्या जागी 28 − 3t घालून बरेच जण 28 − 3t + 52e⁻ᵗ लिहून मोकळे होतात. सुरुवातीचे ८० अंश त्यातूनही बरोबर येतात, म्हणून संशय येत नाही. ते मूळ समीकरणात घालून पाहा: उजव्या बाजूपेक्षा डावी ३ ने कमी पडते.

अर्थात स्थिरांक खरोखर स्थिर असेल तरच हे सगळं. उघड्या पातेल्यातून वाफ जात असताना दूध सुरुवातीला हिशेबापेक्षा भराभर निवतं. झाकण ठेवलं की आकडे पुष्कळ जवळ येतात. शिवाय संध्याकाळची उतरण रात्रभर त्याच वेगाने चालत नाही, त्यामुळे ही सरळ रेषा फार तर चार-पाच तास ताणावी.