लेप्टोस्पायरोसिस : उंदराच्या मूत्रपिंडातून माणसाच्या मूत्रपिंडात

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा नावाच्या मळसूत्रासारख्या पीळदार जिवाणूमुळे होणारा आजार आहे. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये वस्ती करतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण त्याच्या लघवीतून जिवाणू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतात. गाई-म्हशी, कुत्री आणि डुकरे यांच्या लघवीतूनही ते पसरू शकतात. कोरड्या जागी ते लवकर मरतात. गोड्या पाण्यात व ओल्या मातीत मात्र कित्येक आठवडे तग धरतात.

पावसाळ्यात पाणी तुंबले की बिळे, गटारे आणि उकिरडे यांतील घाण रस्त्यावर व घरात येते आणि हे जिवाणू मोठ्या क्षेत्रावर पसरतात. पायावरची जखम, खरचटलेली जागा, चिखल्यांनी फुटलेली बोटांमधली कातडी यांतून ते शरीरात शिरतात. बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेली त्वचा तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या आतील नाजूक आवरण यांतूनही त्यांना वाट मिळते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा होत नाही. कोकणात व गोव्यात भातलावणीच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना हाच धोका असतो.

लागण आणि ताप यांत साधारण पाच ते चौदा दिवसांचे अंतर असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो मुंबईकर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेले. लेप्टोच्या रुग्णांची लाट आली ती पाणी ओसरल्यानंतर, ऑगस्टमध्ये. पायाला जखम असलेला एखादा माणूस त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून गेला असे धरले, तर त्याला ४ ऑगस्टच्या सुमारास ताप येईल. तोवर पायाची जखम भरलेली असते आणि पाण्यातून चालल्याचे तो डॉक्टरांना सांगेलच असे नाही.

पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतात. थंडी वाजून ताप येतो आणि डोके व अंग दुखते. लक्षणे फ्लू किंवा डेंग्यूसारखीच असली तरी दोन खुणा उपयोगी पडतात : पोटऱ्या दाबल्या तरी सहन होत नाहीत आणि डोळे लालभडक होतात, पण त्यांतून चिपडे येत नाहीत. या खुणा प्रत्येक रुग्णात दिसत नाहीत. प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी पहिले पाच-सात दिवस नकारात्मक येऊ शकते. म्हणून पुराच्या पाण्याशी संबंध आला असेल, तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक सुरू करतात. बहुतेक रुग्ण या टप्प्यावरच बरे होतात.

काही रुग्णांत एक-दोन दिवस ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. शंभरांतील पाच ते दहा रुग्णांत आजार गंभीर होतो. कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे आणि रक्तस्राव या त्रयीला वाइल रोग म्हणतात. १८८६ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी त्याचे वर्णन केले. उंदराच्या मूत्रपिंडात निमूटपणे राहणारा जिवाणू माणसाच्या मूत्रपिंडातील नलिकांना सूज आणतो. या नलिकांचे काम क्षार आणि पाणी रक्तात परत घेण्याचे असते. ते बिघडले की लघवीवाटे पोटॅशियम वाहून जाते. त्यामुळे सुरुवातीला लघवी नेहमीइतकी होत असूनही रक्तातील क्रिएटिनिन वाढत राहते, आणि केवळ लघवीच्या प्रमाणावर विसंबणारा फसतो. पुढे लघवी घटली की धोका वाढतो. त्यात उलट्या व तापाने शरीरातील पाणी कमी झाले किंवा अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

अशा रुग्णाला शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन देतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. डायलिसिस वेळेवर झाले तर सूज ओसरून मूत्रपिंड बहुधा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते आणि कायमचे डायलिसिस क्वचितच लागते. याहून घातक असतो फुप्फुसातील रक्तस्राव. खोकल्यातून रक्त येणे किंवा धाप लागणे दिसताच रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे लागते.

तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे मुंबई महापालिका सांगते. प्रौढांसाठी ते सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम असते. जखम असेल किंवा पाण्याशी संपर्क वारंवार येत असेल, तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते. गर्भवती व लहान मुलांसाठी डॉक्टर वेगळे औषध निवडतात. हे औषध धोका कमी करते, पूर्ण टाळत नाही. म्हणून पाण्यातून गेल्यानंतरच्या महिनाभरात ताप आला, तर पाण्याशी संपर्क आल्याची तारीख डॉक्टरांना सांगावी आणि रक्तातील क्रिएटिनिनही तपासून घ्यावे.