एक मटण, तीन रकाने

शाळेच्या वहीत तीन रकाने आखून एकच पदार्थ तपासावा: दह्यात मुरवलेलं मटण.

हलालच्या रकान्यात प्रश्न कापणीचा. अल्लाहचं नाव घेऊन बकरा कापला आणि रक्त वाहून गेलं, की दही चालतं.

कोशरमध्येही रक्त काढतात. मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवतात. तरीही हा पदार्थ नापासच, कारण तिथे मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत. रायगडच्या बेने इस्राएली स्वयंपाकघरांनी यावर सुरेख तोडगा काढला: रश्शाला नारळाचं दूध! नारळ वनस्पतीचा, म्हणून नियम मोडत नाही.

जैन रकान्यात मटणच बाद. त्याजागी बटाटा घातला तरी पेच सुटत नाही. अनेक जैन कंदमुळंही वर्ज्य मानतात.