पानिपतवरचे एक वाक्य आणि त्याची उलटतपासणी

पानिपतवर निबंध लिहायचा म्हटला की सर जदुनाथ सरकारांचे एक विधान हमखास उद्धृत होते. महाराष्ट्रात शोक झाला नाही असे घर उरले नाही आणि कर्त्या पुढाऱ्यांची एक पिढीच्या पिढी एका फटक्यात कापली गेली, असा त्याचा आशय. बहुतेक विद्यार्थी ते अवतरणचिन्हांत घालतात, खाली ‘यावरून पानिपतची भीषणता कळते’ असे लिहितात आणि पुढे जातात. थोडे हुशार विद्यार्थी लगेच गो. स. सरदेसाईंना समोर उभे करतात, कारण या पराभवाने मराठी सत्ता मोडली नाही असे त्यांचे मत होते. पण एका इतिहासकारावर दुसरा इतिहासकार घातला म्हणजे पुरावा झाला नाही, ती मतामतांची झुंज झाली. दोघांनाही तपासायचे ते त्या काळच्या कागदांवर आणि घटनांवर.

आधी वाक्य फोडावे लागते. त्यात दावे दोन आहेत, एक घरांबद्दल आणि दुसरा पुढाऱ्यांबद्दल, आणि दोन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे.

घराघरांतला शोक मोजायचा तर मेलेल्यांची गावनिहाय यादी हवी. तशी यादी नाही. देशभरची पहिली जनगणना व्हायलाच त्यानंतर शंभरावर वर्षे जावी लागली. शिवाय भाऊसाहेबांच्या छावणीतले सगळे मराठी घरांतले नव्हते. इब्राहिमखानाचे गारदी होते, पेंढारी होते. मग हाती काय उरते? नाना फडणवीस लढाईतून वाचले आणि आपल्या आत्मचरित्रात त्या पळापळीत आई गमावल्याचे लिहून गेले. अशी साक्ष अस्सल आहे, काळीज हलवणारी आहे. पण लिहिणारे घर कारभाऱ्याचे आहे. शिलेदाराच्या किंवा बुणग्याच्या घरात काय झाले हे सांगणारा कागद क्वचितच मिळतो. म्हणून हा भाग अक्षरशः सिद्ध होत नाही. शोक फार मोठा होता एवढेच म्हणता येते.

पुढाऱ्यांचा दावा मात्र तपासता येतो, कारण त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. कागदावर दोन रकाने आखा. १४ जानेवारी १७६१ ला आणि त्या पाठोपाठ गेले ते सदाशिवराव भाऊ, विश्वासराव, जनकोजी आणि तुकोजी शिंदे, यशवंतराव पवार, समशेर बहादूर, इब्राहिमखान. दुसऱ्या रकान्यात वाचलेले मांडा. मल्हारराव होळकर, दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर निसटले, महादजी शिंदे पायाला जखम घेऊन परतले, नाना फडणवीस आले. रघुनाथराव, गोपाळराव पटवर्धन आणि नागपूरचे जानोजी भोसले तर रणांगणावर नव्हतेच. म्हणजे ‘अख्खी पिढी’ हे शब्द टिकत नाहीत.

‘एका फटक्यात’ हेही शिंद्यांच्या घरावर ताडून पाहा. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. त्या घराचा ऱ्हास पानिपतच्या आधी सुरू झाला होता. पानिपतला त्याचा कळस झाला.

इथे थांबून सरकारांना खोटे ठरवायची घाई करू नये. पेशव्यांच्या घरात त्यांचे म्हणणे बरेच खरे आहे. भाऊसाहेब तिशीत होते, कारभार आणि फौज दोन्ही हाताळलेले. ते गेले, विश्वासराव गेले, जून १७६१ मध्ये नानासाहेबही गेले. गादीवर आले सोळा वर्षांचे माधवराव आणि त्यांच्यावर देखरेख करायला उरले रघुनाथराव. पुढची काका-पुतण्याची यादवी या पोकळीतून वाढली, असे माझे मत आहे. म्हणून मेलेल्यांची संख्या मोजून भागत नाही, कोणाची जागा रिकामी झाली तेही पाहावे लागते.

१७६३ चा राक्षसभुवनचा विजय आणि १७७१ मध्ये दिल्लीवर पुन्हा बसलेला मराठी अंमल हे पुरावे बरेच जण सरकारांविरुद्ध वापरतात. त्यांचे वजन जपून धरावे. नेतृत्व संपले नव्हते, हे त्यांवरून दिसते. नुकसान लहान होते, हे दिसत नाही. दिल्लीला परतायला दहा वर्षे लागली हेही त्याच पुराव्यात आहे.

तेव्हा निबंधात निकाल असा लिहावा: सरकारांचे विधान घरांबाबत मोजता न येणारे, सर्व सरदारांबाबत अतिशयोक्त आणि पेशवे-शिंदे या दोन घराण्यांबाबत बऱ्याच अंशी ग्राह्य आहे.