साप्ताहिक फलक आणि उशिरा पेरलेले बी

सातवीच्या वर्गातील एका मुलीला विज्ञानाचा प्रकल्प दिला होता. वालाचे बी दोन कुंड्यांत पेरावयाचे, एक कुंडी उजेडात व दुसरी अंधारात ठेवावयाची, आणि रोपे वर आल्यावर बारा दिवस त्यांची उंची मोजून तक्ता करावयाचा. मुदत महिन्याची होती. शेवटच्या आठवड्यातील सोमवारी तिने बी पेरले. शनिवारी प्रकल्प देण्याच्या वेळी कुंडीत जेमतेम अंकुर दिसत होता. शाळेतून केंद्राच्या प्रदर्शनास जाणारे प्रकल्प त्याच दिवशी निवडले गेले, आणि तिचा प्रकल्प मागे राहिला.

"गुरुजी, काम तर दोन तासांचेच होते," असे ती रडवेल्या स्वरात म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पेरणे, मोजणे व लिहिणे यांचा वेळ एकत्र केला तर दोन-तीन तासच भरतील. परंतु बी उगवण्यास लागणारे दिवस कोणाच्याही घाईने कमी होत नाहीत. हाताला लागणारा वेळ आणि मधे जाणारे दिवस हे दोन वेगळे हिशेब होत. मुलीने पहिलाच केला होता. ही चूक मुलांपुरती नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे 34 दिवसांचा निघाला. प्रत्यक्षात सुमारे 55 लागले.

गुरुजींनी तिला रागे भरले नाही. शाळेच्या स्वतःच्या प्रदर्शनासाठी तोच प्रकल्प पुन्हा करण्यास सांगितले आणि मुदत शनिवार, 28 तारीख दिली. मग दोघांनी मिळून शेवटाकडून मागे मोजले. शुक्रवार, 27 राखीव. तक्ता काढण्यास बुधवार व गुरुवार, 25 आणि 26. मोजणीचे बारा दिवस 13 ते 24. उगवण्यास पाच दिवस, म्हणून पेरणी रविवारी, 8 तारखेस. आणि बी भिजत घालावयाचे ते शनिवारी, 7 तारखेच्या रात्री. दोन तासांचे म्हटलेले काम नेमके तीन आठवड्यांचे निघाले. ते पाहून मुलगी काही वेळ गप्पच राहिली.

फलकासाठी जुना पुठ्ठा काळा रंगवून घेतला. त्यावर सात वारांचे सात उभे रकाने आणि सकाळ, शाळेनंतर व रात्र अशा तीन आडव्या ओळी आखल्या. एकूण एकवीस घरे झाली. प्रथम घरची कामे लिहिली: सकाळचे पाणी, सोमवारचा बाजार, धाकट्या भावाला सांभाळणे. त्यांत तेरा घरे गेली. उरलेल्या आठांपैकी सहांतच अभ्यास लिहावयाचा आणि दोन रिकामी ठेवावयाची, असे ठरले. रोजच्या मोजणीस पाचच मिनिटे लागत. तिला निराळे घर न देता ती सकाळच्या पाण्याला जोडून दिली.

पहिल्या आठवड्यात फलक फसला. सहाही घरांत तिने "विज्ञान" एवढेच लिहिले होते, आणि फलकासमोर उभे राहिल्यावर नेमके काय करावे हे तिला कळेना. बी मात्र वेळेवर भिजले व पेरले गेले, कारण तेवढे गुरुजींनी तारखेसह लिहून दिले होते. पुढील आठवड्यापासून ती "मोजणीचा तक्ता आखणे", "दोन्ही रोपांची पाने रेखाटणे" असे लिहू लागली. शनिवारी शाळा सुटल्यावर फलक पाहण्याचा नेम ठेवला: झालेले पुसावयाचे, राहिलेल्यास टिंब देऊन पुढे न्यावयाचे. एकाच कामास तीन टिंबे पडली, तर ते काम फार मोठे आहे असे समजून त्याचे तुकडे करावयाचे.

त्याच वर्गातील एका मुलाच्या फलकावर मात्र एकही घर रिकामे राहिले नाही. गुरे, शेत आणि आजारी आजी यांतच एकवीस घरे भरली. फलक वेळ निर्माण करीत नाही. वेळ कोठे जातो एवढेच दाखवितो. गुरुजी तो पुठ्ठा घेऊन मुलाच्या वडिलांकडे गेले. बोलण्यापेक्षा पुठ्ठाच उपयोगी पडला असावा, कारण दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्या. प्रकल्पाचे उरलेले काम मुलाने मधल्या सुट्टीत शाळेतच करावे, असे ठरले.

26 तारखेस मुलीच्या घरी पाहुणे आले आणि तक्त्याचे काम राहिले. ते राखीव शुक्रवारी पुरे झाले. शनिवारी सकाळी तिने तक्ता टेबलावर ठेवला: अंधारातील रोप उंच पण फिकट, उजेडातील बुटके व हिरवे. 18 तारखेचे घर कोरे होते. त्या दिवशी मोजणी झाली नव्हती, आणि तिने अंदाजाने आकडा भरला नव्हता. गुरुजींनी त्या कोऱ्या घरासह तक्ता भिंतीवर लावला.