पांढऱ्या लगद्याची दोन मिनिटं

कवळी किंवा दातांची तार लावून घेतलेल्यांना तो लगदा आठवत असेल. पुदिन्याच्या वासाचा, गार, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबलेला, आणि बघता बघता रबरासारखा झालेला. त्याचं नाव आल्जिनेट. बीडीएसच्या विद्यार्थ्याला दंतसाहित्य या विषयाच्या लेखी परीक्षेत त्याची रासायनिक क्रिया लिहावी लागते, प्रात्यक्षिकात ते कालवून दाखवावं लागतं आणि तोंडी परीक्षेत त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. पुष्कळांची गाडी अडते ती कागदावरचं समीकरण आणि हातातलं भांडं यांची सांगड घालताना.

आल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून मिळतं. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं अगर दुर्मीळ झालं आणि दातांचं माप घेण्यासाठी त्याच्या जागी आल्जिनेट रुळलं. अगर तापवलं की पुन्हा पातळ होतं. आल्जिनेट एकदा घट्ट झालं की मागे फिरत नाही.

डब्यातल्या भुकटीत सोडियम किंवा पोटॅशियम आल्जिनेट असतं, कॅल्शियम सल्फेट असतं आणि थोडंसं ट्रायसोडियम फॉस्फेट. पाणी पडताच कॅल्शियम सुटं होतं. ते थेट आल्जिनेटला जाऊन भिडलं तर लगदा भांड्यातच घट्ट होईल. पण कॅल्शियमची ओढ आधी फॉस्फेटकडे असते:

2Na₃PO₄ + 3CaSO₄ → Ca₃(PO₄)₂ + 3Na₂SO₄

फॉस्फेट शिल्लक आहे तोवर लगदा मऊ राहतो. डॉक्टरांना कालवायला, ट्रे भरायला आणि तोंडात बसवायला मिळतो तो एवढाच वेळ. फॉस्फेट संपलं की कॅल्शियम आल्जिनेटच्या लांब साखळ्यांकडे वळतं. सोडियमचा अणू एकाच साखळीला धरून असतो. कॅल्शियम दोन साखळ्यांना एकत्र बांधतं. अशा गाठींची जाळी तयार होते, पाणी तिच्यात अडकतं आणि जेल बनतं.

आता नागपूरचा मे महिना घ्या. टाकीतून नळाला येणारं पाणी कोमट. विद्यार्थी नेहमीच्या मापानं, म्हणजे साधारण १६ ग्रॅम भुकटी आणि ३८ मिलिलिटर पाणी घेऊन कालवू लागतो आणि ट्रे भरायच्या आतच लगदा दाटतो. पुढच्या वेळी तो पाणी वाढवतो. वेळ मिळतो खरा, पण जाळी विरळ होते आणि माप काढताना दातांमधल्या फटीत फाटतं. उपाय आहे गार पाणी. त्यानं प्रमाण न बिघडता क्रिया मंदावते. परीक्षकाच्या ‘वेळ कसा वाढवाल?’ या प्रश्नाचं उत्तरही हेच.

कालवण्याची रीतही ठरलेली. भांड्यात आधी पाणी, मग भुकटी, आणि रबरी भांड्याच्या भिंतीवर स्पॅट्युलानं जोरानं दाबत सुमारे मिनिटभर घोटायचं. झटपट घट्ट होणाऱ्या प्रकारासाठी पाऊण मिनिट पुरे. लगदा गुळगुळीत, सायीसारखा हवा. कण दिसले तर घोटणं कमी पडलं.

तोंडात गेल्यावरची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. तोंड उबदार असल्यानं दातांलगतचा थर आधी घट्ट होतो, ट्रेकडचा नंतर. मधल्या काळात हात हलला तर आतली घट्ट होऊ लागलेली जाळी ताणली जाते. बाहेर काढलेलं माप देखणंच दिसतं. बिघाड कळतो तो पुढे, त्यावर बनवलेली वस्तू तोंडात बसेना तेव्हा. म्हणून ट्रे स्थिर धरायचा, आणि लगदा घट्ट झाल्यावरही दोन-तीन मिनिटं थांबायचं, कारण त्या काळात जेलची ताकद झपाट्यानं वाढते.

काढताना हळुवारपणा कामाचा नाही. आल्जिनेटला दाताच्या फुगीर भागावरून सरकताना दबावं लागतं. हा दाब क्षणभरच राहिला तर ते जवळपास मूळ आकारात परततं. रेंगाळला तर आकार कायमचा बिघडतो. शिवाय जोरात ओढल्यास ते फाटायलाही कमी धजतं. म्हणून एकाच झटक्यात, दातांच्या सरळ रेषेत, ट्रे न हेलकावता काढायचा.

नंतरची घाई पाण्यामुळे. माप उघडं ठेवलं तर जेलमधलं पाणी उडून ते आक्रसतं. पाण्यात बुडवलं तर पाणी शोषून फुगतं. ओल्या फडक्यात गुंडाळल्यानं थोडी उसंत मिळते, पण जेल स्वतःहूनही पाणी बाहेर टाकत असतं. म्हणून धुऊन, निर्जंतुक करून दहा-पंधरा मिनिटांत त्यात प्लास्टर ओतलेलं बरं. प्लास्टर घट्ट झाल्यावरही माप त्यावर तासन्‌तास राहू दिलं, तर साच्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. आल्जिनेट प्लास्टरच्या घट्ट होण्यात अडथळा आणतं आणि त्यावर उतारा म्हणून कंपन्या भुकटीत पोटॅशियम टायटॅनियम फ्लोराइड घालतात. घटकांच्या यादीतलं हे शेवटचं नाव विद्यार्थी हमखास विसरतात, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.