ब्रॉडबँडची खरी परीक्षा रात्री नऊला

नवीन घरात राहायला आलेलं कुटुंब सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास विचारतं, "आपल्याकडे नेट कोणाचं चांगलं चालतं?" पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. कुणाला एक कंपनी झकास वाटते, कुणी त्याच कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. दोघंही खरंच बोलत असतात. एकाचा राउटर दिवाणखान्यात शेजारीच असतो, दुसऱ्याचा दोन भिंतींपलीकडे. एक जण सकाळी मेल पाहतो, दुसऱ्याची मुलं रात्री सिनेमा लावतात. अशा मतांवरून कंपनी निवडली, तर निर्णय नशिबावर सोडल्यासारखा होतो. कंपनी पारखायची असेल तर तीन गोष्टी मोजाव्या लागतात: तारेवर मिळणारा वेग, सेवा बंद राहिलेला वेळ, आणि तक्रार केल्यापासून नेट परत येईपर्यंत गेलेला काळ.

वेगापासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत तोच ठळक अक्षरांत असतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइटमध्ये वेग दाखवतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० च्या प्लॅनवर पडद्यावर साडेबारापर्यंतचा आकडा दिसणं रास्त आहे. कित्येकांची पहिली तक्रार इथेच मिटते.

दुसरी मोठी गफलत वायफायची. फोनवर दिसणारा वेग हा कंपनीचा वेग आणि घरातलं वायफाय यांचा मिळून आलेला आकडा असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचे राउटर एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे २०० चा प्लॅन फोनवर ४० दाखवू शकतो आणि त्यात कंपनीचा काही दोष नसतो. म्हणून लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट राउटरला जोडावा, घरातली बाकीची उपकरणं काही मिनिटं बंद ठेवावीत आणि मग वेग तपासावा. त्यातही आकडा ९४-९५ च्या पुढे जातच नसेल, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुना, १०० एमबीपीएसचा असण्याची शक्यता मोठी. केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच नीट जोडलेल्या असल्या तरी हेच होतं. मग ३०० चा प्लॅन घेऊनही पैसे वायाच जातात.

आता कोणत्या सर्व्हरकडून वेग तपासायचा, हा प्रश्न. वेग तपासणारी बहुतेक अॅप जवळचा सर्व्हर निवडतात आणि तो अनेकदा त्या कंपनीच्याच जाळ्यात असतो. म्हणजे मोजला जातो तो घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे निकष ठरवले. त्यातही ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असं म्हटलं होतं, पण मोजणी कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत धरली होती. ग्राहकाला मात्र नोडच्या पलीकडे, जगाकडे जायचं असतं. त्यामुळे एक चाचणी कंपनीच्या सर्व्हरवर आणि एक बाहेरच्या सर्व्हरवर करावी. fast.com ही चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून वेग मोजते, शिवाय अॅपमध्ये दुसऱ्या शहरातला सर्व्हर हाताने निवडता येतो. पहिला आकडा भरघोस आणि दुसरा रोज रात्री कोसळत असेल, तर कंपनीने बाहेरची जोडणी पुरेशी घेतलेली नाही असा संशय घ्यायला जागा आहे.

रात्रीच का? घरगुती फायबरमध्ये एक मुख्य धागा स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. जीपॉन या प्रचलित पद्धतीत त्या सगळ्यांसाठी मिळून सुमारे २.५ गिगाबिट वेग असतो. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या हिशेबावर सगळा धंदा चालतो आणि तो हिशेब गैरही नाही. पण रात्री आठ ते अकरा या वेळेत तो ताणला जातो. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीत सरासरी म्हणून दाखवलेला वेग रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळायला हवा, असा नियम आहे. आपल्याकडच्या फलकांवर अशी वेळ लिहिलेली नसते, त्यामुळे ती मोजणी ग्राहकालाच करावी लागते.

वेगाहून जास्त मनस्ताप देतं ते नेट जाणं. नेट गेलं की आधी राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या राउटरवर 'LOS' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर घरात प्रकाशच येत नाही: कुठेतरी धागा तुटला, वाकला किंवा निघाला आहे. रस्त्याची खोदाई, पावसात कोसळलेली फांदी, गच्चीवर लोंबणारी केबल, उंदीर ही त्याची नेहमीची कारणं. 'LOS' विझलेला आणि 'PON' हिरवा स्थिर असूनही नेट चालत नसेल, तर धागा शाबूत आहे आणि बिघाड पुढे आहे. तेवढ्यात लॅपटॉपवर दोन आज्ञा द्याव्यात:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिला पत्ता बहुतेक घरांत राउटरचा असतो, दुसरा गूगलच्या सर्व्हरचा. पहिल्याकडून उत्तर येतं आणि दुसऱ्याकडून येत नाही, म्हणजे घरातलं सगळं ठीक आहे आणि अडचण कंपनीकडे आहे. हे फोनवर सांगता आलं की "राउटर बंद करून चालू करा" या पायरीवरचा अर्धा तास वाचतो.

वीज जाण्याच्या वेळा वेगळ्या लिहून ठेवाव्यात. राउटर इन्व्हर्टरवर असूनही इमारतीची वीज गेली की नेट जात असेल, तर जिन्यातल्या पेटीत विजेवर चालणारा स्विच आहे आणि त्याला बॅटरी नाही किंवा ती संपली आहे. जीपॉनच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे तिथे असं सहसा होऊ नये. ज्या भागात दर आठवड्याला दुरुस्तीसाठी वीज बंद असते, तिथे हा एक फरक वेगाच्या सगळ्या आकड्यांवर मात करतो.

महिनाभराची नोंद कशी बोलते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ठाण्यातल्या एका इमारतीत दोन शेजारी आहेत. पहिल्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे: सकाळी तारेवर ९४, रात्री नऊला ४०. महिन्यात चार वेळा नेट थोडं थोडं गेलं, मिळून तासभर. पाचव्यांदा शुक्रवारी संध्याकाळी सातला गेलं ते रविवारी दुपारी चारला आलं, म्हणजे ४५ तास. दुसऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचा ५० चा प्लॅन: सकाळी ४७, रात्री ४४. नेट दोनदा गेलं, मिळून तीन तास. तीस दिवसांचे ७२० तास धरले, तर पहिल्याची सेवा ९३.६ टक्के वेळ चालू होती आणि दुसऱ्याची ९९.६ टक्के. टक्केवारीतला फरक लहान दिसतो, पण पहिल्याच्या वाट्याला जवळजवळ दोन पूर्ण दिवसांचा अंधार आला. घरून काम करणाऱ्याने इथे डोळे मिटून ५० चा प्लॅन घ्यावा.

त्या ४५ तासांतच तक्रारीचीही परीक्षा झाली. पहिल्या शेजाऱ्याने शुक्रवारी सात वीसला तक्रार नोंदवली आणि त्याला डॉकेट क्रमांक मिळाला. शनिवारी सकाळी अकराला संदेश आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. राउटरवर लाल दिवा तसाच होता. त्याने पुन्हा फोन केला आणि नवा क्रमांक मिळाला. कंपनीच्या दफ्तरी पहिली तक्रार १५ तास ४० मिनिटांत मिटली. प्रत्यक्षात पहिल्या फोनपासून नेट यायला ४४ तास ४० मिनिटं लागली. तक्रारी किती वेगाने सुटतात याचे कंपनीचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं. एका दुरुस्तीसाठी किती डॉकेट क्रमांक लागले, हा कंपनीविषयी सर्वांत खरं सांगणारा आकडा आहे. निवारणाचा खोटा संदेश आला की दिव्याचा फोटो वेळेसह काढून ठेवावा.

भरपाईचं काय? २००६ च्या नियमांत बिघाड कामकाजाच्या तीन दिवसांपलीकडे रेंगाळला तर सात दिवसांचं भाडं परत देण्याची तरतूद होती. शनिवार-रविवारचे ४५ तास त्यात बसतच नाहीत. मोबाइल आणि ब्रॉडबँडचे नियम एकत्र करून ट्रायने २०२४ साली नवे नियम आणले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात मोबाइल सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत द्यावी, असं त्यात आहे. प्रीपेडची तरतूद १ एप्रिल २०२५ पासूनची, आणि नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. मोजमाप जिल्ह्याचं आहे. एखाद्या वाडीचा एकमेव टॉवर आठवडाभर बंद पडला, तर ते गाव या तरतुदीच्या बाहेरच राहतं, आणि ही मोठी उणीव आहे.

घरचं नेट आणि मोबाइल एकाच कंपनीचं घेतलं की बिल स्वस्त पडतं, पण ८ जुलै २०२२ ला कॅनडात काय झालं तेही पाहावं. रॉजर्स कंपनीच्या जाळ्यात बदल करताना राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि सगळं ठप्प झालं. मोबाइल आणि ब्रॉडबँड एकाच गाभ्यावर चालत असल्याने एक कोटीहून अधिक ग्राहकांची दोन्ही एकदम बंद पडली, आणीबाणीचे ९११ क्रमांकाचे फोन अडले, दुकानांत डेबिट कार्ड चालेना. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं स्वतःचं नेटही त्याच जाळ्यावर होतं. घरातला निदान एक फोन वेगळ्या कंपनीचा असावा, तो यासाठी.

तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. ते ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र मोकळा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं की नाही याबद्दल बरीच वर्षं संभ्रम होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात दूर केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न डॉकेट क्रमांक आणि तारखांचा येतो.

जोडणी देणारा माणूस बहुधा वर्षाचे पैसे आगाऊ भरायला सांगतो, दोन महिने फुकट म्हणतो. आधी एकाच महिन्याचा प्लॅन मागावा. त्या महिन्यात आठवड्यातून दोनदा रात्री नऊला तारेवर वेग मोजावा, नेट गेल्या-आल्याच्या वेळा लिहाव्यात, आणि किरकोळ का होईना, एक तक्रार नोंदवून तिचं काय होतं ते बघावं. इमारतीत ती केबल कोण सांभाळतं, कंपनीचा माणूस की स्थानिक केबलवाला, आणि रविवारी त्याचा फोन लागतो का, हेही वॉचमनला विचारून घ्यावं. वर्षाचा चेक त्यानंतर.