कव्हर्ड कॉलवरचा पहारा
कव्हर्ड कॉलमध्ये हातातल्या शेअर्सवर कॉल ऑप्शन विकला जातो. समजा, 1,000 रुपये भावाचे 500 शेअर्स तारण ठेवून 1,050 चा कॉल विकला आणि त्याचा डेल्टा 0.30 आहे. भाव एक रुपयाने वाढला, तर शेअर्सवर 500 रुपये मिळतात, कॉलवर सुमारे 150 जातात. भाव 1,060 झाला की डेल्टा 0.55 च्या आसपास सरकतो. मार्जिनची मागणीही वाढते. शेअर्सचा नफा मात्र कागदावरच असतो. म्हणून डेल्टा 0.50 झाल्यावर किंवा मार्जिनचा वापर 70 टक्क्यांवर गेल्यावर पहिला इशारा लावतात, 0.70 किंवा 85 टक्क्यांना कॉल पुढच्या महिन्यात नेतात किंवा रोख भरतात. भाव उंबरठ्यावर घुटमळला, तर इशाऱ्यांचा भडिमार होतो. त्यामुळे डेल्टा 0.45 च्या खाली उतरल्यावरच इशारा पुन्हा चालू करावा.